कौशिकाला नरक का मिळाला? (धर्म, कर्म आणि परिणामवाद)

निळी_शाई

मी बाहेरून तत्त्वज्ञानात एम.ए. करतेय. वय एकेचाळीस, नोकरी आणि एक दहावीतला मुलगा सांभाळून. तौलनिक निबंध लिहायचा आहे: भारतीय नीतिविचारातले धर्म-कर्म आणि पाश्चात्त्यांचा परिणामवाद, म्हणजे कृत्य योग्य की अयोग्य ते त्याच्या परिणामांवरून ठरवणारा विचार. मी महाभारताच्या कर्णपर्वातली एकच गोष्ट धरली, कृष्ण अर्जुनाला सांगतो ती. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात.

कौशिक नावाचा तपस्वी. नद्यांच्या संगमावर, गावापासून जवळच राहायचा. ‘नेहमी खरंच बोलेन’ हे त्याचं व्रत, आणि त्यासाठी प्रसिद्धही होता. एकदा लुटारूंच्या भीतीनं काही माणसं त्याच्या समोरून रानात पळाली. मागून लुटारू आले. त्यांनी कौशिकाला सत्याचीच शपथ घालून विचारलं, माणसं कुठल्या वाटेनं गेली? हा म्हणाला, त्या दाट झाडीच्या रानात. लुटारूंनी सगळ्यांना शोधून मारलं. कौशिक नरकात गेला.

त्याच्याच जोडीला दुसरी गोष्ट. बलाक नावाचा व्याध. आंधळे आईबाप, बायको, मुलगा यांना पोसण्यापुरती शिकार करणारा. एके दिवशी काहीच मिळेना. पाणी पिणारं एक आंधळं श्वापद दिसलं, वासावर जगणारं. त्यानं मारलं, तर आकाशातून फुलं पडली. ते श्वापद सगळ्या प्राण्यांचा नाश करण्याचा वर मिळवून बसलं होतं म्हणे. बलाक स्वर्गात गेला.

म्हणजे हेतू शुद्ध पण परिणाम वाईट, तर नरक. हेतू फक्त जेवणाचा पण परिणाम चांगला, तर स्वर्ग. मी लिहिलं की हा सरळ परिणामवाद आहे, बेंथमच्या कितीतरी शतकं आधीचा. मॅडमनी कच्चा मसुदा परत दिला. समासात लाल पेननं एवढंच: ‘मग अर्जुनाचे काय?’

काय म्हणायचंय त्यांना?

पावशेर

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कौशिकच आहेत. पाण्याचा टँकर कोणाच्या सांगण्यावरून आला, ते सगळ्यांसमोर खरंखरं सांगतात. नरक मात्र आम्ही भोगतो.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बाळूकाका_६२

ताई, कर्म कोणाला चुकत नाही. आमच्या शेजाऱ्यानं बांधावरचा आंबा रात्रीतून तोडला. पुढच्याच पावसाळ्यात त्याची विहीर ढासळली. मी कोणाला काही बोललो नाही. वरचा बघतो.

निळी_शाई

काका, प्रश्न जरा वेगळा होता. 🙂 विहीर ढासळली म्हणून आंबा तोडणं चूक ठरलं, की आधीपासूनच चूक होतं?

बाळूकाका_६२

आधीपासून चूकच. पण विहीर ढासळली नसती तर लोकांना पटलं नसतं.

धोंडोपंत

मला गंमत वाटते की असा निबंध लिहिताना कोणाला गीता आठवत नाही. ‘कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन.’ फळाकडे बघूच नकोस असं भगवंत सांगतात. याच्याहून परिणामवादाच्या विरुद्ध काय असणार? कांट हेच म्हणतो, कर्तव्यासाठी कर्तव्य. निबंध एका ओळीत संपला.

गोदाकाठ

पंत, अर्धं बरोबर आहे. फळाची आस सोड हे नक्की सांगितलंय. पण आस सोडणं वेगळं आणि परिणामाचा विचारच न करणं वेगळं. अठराव्या अध्यायात तामस कर्माचं लक्षण दिलंय ते पाहा: ‘अनुबन्धं क्षयं हिंसामनपेक्ष्य च पौरुषम्’. पुढं काय होईल, काय नासेल, कोणाला इजा होईल, आपली ताकद किती, हे न बघता मोहानं जे सुरू केलं जातं ते तामस. म्हणजे परिणाम डोळ्यांआड करणाऱ्याला गीता कर्मयोगी म्हणत नाही, तामस म्हणते. तिसऱ्या अध्यायातला लोकसंग्रहही हाच, लोकांचं काय होईल ते बघून कर्म करणं.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला ‘माझं नाव होईल का’ हे मनातून काढता येतं. ‘रक्तस्राव किती होईल’ हे काढून चालेल का?

धोंडोपंत

१८.२५ लक्षात नव्हता. मान्य. पण कांटचं काय?

गोदाकाठ

कांट इथे उपयोगी आहे, पण उलट्या बाजूनं. त्याच्यासमोर जवळजवळ हीच गोष्ट आली होती. खुनी दारात येऊन विचारतो, तुझा मित्र घरात आहे का? १७९७ सालच्या एका छोट्या निबंधात कांट म्हणतो, तरीही खोटं बोलायचं नाही. त्याची पुस्ती तर अशी की तू खोटं बोललास, आणि तेवढ्यात मित्र मागच्या दारानं निघून नेमका खुन्याच्या तावडीत सापडला, तर ते तुझ्या माथी. कौशिक कांटच्या वर्गात पहिला आला असता. कृष्णानं त्याला नापास केलं.

ॲबॅकस

म्हणजे निळी_शाईंचंच बरोबर की. कांट म्हणतो नियम, कृष्ण म्हणतो माणसं मेली. जिथे माणसं मेली हे नियमाच्या वर जातं तो परिणामवाद. मला यात गुंता दिसत नाही. आपल्याकडचं काही ‘तसं नाहीच मुळी’ असं दाखवण्याचा मोह सोडला तर उत्तर सरळ आहे. शिवाय ‘धारणाद्धर्म इत्याहुः’ हा सगळ्यांचा आवडता श्लोक याच कौशिकाच्या प्रकरणात येतो. समाज टिकतो तो धर्म. याहून जास्त परिणामवादी व्याख्या मला तरी माहीत नाही.

रानवाट

तत्त्वज्ञान मला कळत नाही, पण ही गोष्ट आमच्या घरात घडली आहे, म्हणून लिहितो.

आमच्या शेजारी एक छपाईचं छोटं काम करणारे गृहस्थ होते. एका खाजगी फायनान्सचं कर्ज थकलं होतं. वसुलीची पोरं यायला लागली तेव्हा ते बायकोमुलांना घेऊन काही दिवस निघून गेले. एका दुपारी दोन पोरं आमच्या दारात आली. त्यातल्या एकानं उंबऱ्याबाहेर बूट काढले, आणि आईला म्हणाला, “मावशी, फक्त भेटायचंय त्यांना.” आईनं दोघांना पाणी दिलं. आणि सांगितलं की ते मेव्हण्याकडे गेलेत, सिन्नरला, स्टँडजवळच त्याचं दुकान आहे.

त्या पोरांनी गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात आरडाओरडा केला. मेव्हण्यानं त्याच दिवशी त्यांना घराबाहेर काढलं. शेजारी परत आले, खोली सोडली, सामान नेताना आईकडे बघितलंही नाही.

आई म्हणते, “मी खोटं बोलले नाही. आणि त्यांनी पैसे घेतलेच होते ना?” पण ती हे दर दोन-तीन महिन्यांनी, कोणी विचारलेलं नसताना म्हणते. त्या बूट काढण्याचा उल्लेखही दर वेळी असतो.

सुमन_व

रानवाट, वाचून कसंतरी झालं. आईंची काही चूक नाही हो.

पावशेर

पण इथे लुटारू कोण? कर्ज बुडवणारा की वसुलीवाला? कौशिकाच्या गोष्टीत निदान तेवढं तरी स्पष्ट आहे.

गोदाकाठ

पावशेर गमतीत बोलले, पण मुद्दा तिथेच आहे. कौशिकाला नरक मिळाला तो माणसं मेली म्हणून, की त्याला समजायला हवं होतं ते समजलं नाही म्हणून? कृष्णाचे शब्द बघा. सुरुवातीलाच कौशिकाची ओळख तो ‘फारसा बहुश्रुत नसलेला’ अशी करून देतो, आणि शेवटी म्हणतो की सूक्ष्म धर्म न जाणणारा तो मूढ नरकात गेला. समोर लुटारू दिसत होते, पळणारी माणसं दिसली होती, तरी त्यानं विचार केला नाही. दोष न विचारण्याचा आहे. रानवाटांच्या आईला जे दिसत होतं ते बूट काढलेला मुलगा होता. मला ती कौशिक वाटत नाही.

ॲबॅकस, आता याच प्रकरणातला पुढचा नियम घ्या. कृष्ण सांगतो: न बोलता सुटका होत असेल तर तोंडच उघडू नकोस. बोलणं भागच पडलं, किंवा गप्प बसल्यानं संशय येणार असेल, तरच तिथे खोटं बोलणं श्रेयस्कर. ही उतरंड नीट बघा. गप्प राहून माणसं वाचत असतील आणि खोटं बोलूनही वाचत असतील, तर परिणाम दोन्हीकडे तोच. निव्वळ परिणाम मोजणाऱ्याला दोन्ही सारखेच, हवं ते कर. कृष्णाला सारखे नाहीत. खोट्याला त्याचं स्वतःचं काही वजन आहे, ते माणसं वाचवण्याच्या वजनापुढे हरतं, पण शून्य होत नाही.

ॲबॅकस

खोटं बोलायची सवय लागते, विश्वास कमी होतो, हे परिणामच आहेत. ते धरले की उतरंड आपोआप येते. पण मुद्दा चांगला आहे, विचार करतो.

आणि बलाकाचं काय? त्याला तर काहीच माहीत नव्हतं. ‘विचार केला नाही’ हा दोष असेल तर त्यानं कुठला विचार केला होता?

गोदाकाठ

बलाक अडचणीचा आहे. त्याचं वर्णन ‘स्वधर्मनिरत, खरं बोलणारा, कोणाचा द्वेष न करणारा, हौसेनं नव्हे तर घर चालवण्यासाठी मारणारा’ असं केलंय. म्हणजे चांगल्या माणसाची गोष्ट आहे असं म्हणता येतं. पण फुलं पडली ती श्वापद मेल्यावरच, हे मी लपवणार नाही.

उंबरठा

‘स्वधर्मनिरत व्याध’ इथे जरा थांबा. कोणाचा स्वधर्म कोणी ठरवला, हे या सगळ्या चर्चेत कोणी विचारलेलं नाही. प्रचलित पाठात कुठे खोटं बोललेलं चालतं याची पाच ठिकाणं दिली आहेत: लग्नात, प्रणयात, जिवावर बेतल्यावर, सर्वस्व लुटलं जाताना, आणि ब्राह्मणाच्या कामासाठी. यातलं तिसरं-चौथं समजतं. पाचवं कुठल्या ‘सूक्ष्म धर्मा’त बसतं?

आणि कर्म. ‘तुझ्या मागच्या जन्माचं’ हे उत्तर कोणाला ऐकवलं गेलं आणि कोणी ऐकवलं, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये कम्म मानलं ते नैतिक व्यवस्था म्हणून, या जन्मात केलेल्याचा परिणाम म्हणून. मागच्या जन्माचं गाठोडं त्यांनी नाकारलं, कारण त्यानं माणसाची आजची अवस्था हीच त्याची शिक्षा ठरते. बुद्धानं ‘चेतना म्हणजेच कर्म’ असं म्हटलं, म्हणजे करणाऱ्याच्या मनातल्या ठरवण्यावर बोट ठेवलं. त्या मापानं बलाकाला त्या श्वापदासाठी ना पुण्य ना काही. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

निबंधात ‘भारतीय नीतिविचार’ लिहिताना हेही भारतीयच आहे, एवढं लक्षात असू द्या.

धोंडोपंत

प्रत्येक धाग्यात हा विषय आणलाच पाहिजे का?

उंबरठा

विषय धर्म आणि कर्माचा आहे ना? मग कुठे आणू, पावभाजीच्या धाग्यात?

निळी_शाई

उंबरठा, बरोबर आहे, मी एकच ग्रंथ धरून ‘भारतीय’ लिहिलं होतं. शीर्षक बदलते. पंत, कृपया.

हिशेबनीस

मी व्यवसायानं लेखापाल. ॲबॅकस यांना माझ्या बाजूनं एक सांगतो, कर्म हा परिणामवाद नाही, कारण त्यात वळती करणं नाही.

परिणामवादी माणूस काय करतो? एका बाजूला सुख, दुसरीकडे दुःख, वजाबाकी करून शिल्लक काढतो. शिल्लक धन असेल तर कृत्य योग्य, प्रकरण बंद. आता युधिष्ठिराचं खातं बघू. पंधराव्या दिवशी ‘अश्वत्थामा मेला’ हे द्रोणांना ऐकू जाईल असं म्हटलं, ‘हत्ती’ पुटपुटला. फायदा उघड आहे, द्रोणांनी शस्त्र ठेवलं, आपली माणसं वाचली. शिल्लक धनच. पण त्याच क्षणी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. आणि शेवटी, स्वर्गारोहणात, त्याला नरक बघावा लागला. इंद्र कारण सांगतो की तू द्रोणांना कपटानं फसवलंस, म्हणून तुला कपटानंच नरक दाखवला.

तिथेच इंद्र नियमही सांगतो. ज्याचं पुण्य जास्त त्यानं आधी नरक भोगायचा, मग स्वर्ग. ज्याचं पाप जास्त त्याला आधी स्वर्ग. म्हणूनच युधिष्ठिर वर गेल्या गेल्या त्याला दुर्योधन ऐटीत बसलेला दिसला. लक्षात घ्या, शंभरातून दहा वजा जाऊन नव्वद मिळत नाहीत. शंभरही भोगायचे आणि दहाही भोगायचे. दोन स्वतंत्र खाती, दोन्ही पूर्ण फेडायची. असा ताळेबंद मी कोणाला दिला तर माझं लायसन्स जाईल.

दुसरं, फळ मिळतं ते करणाऱ्यालाच. परिणामवादात माझ्या कृत्याचा परिणाम सगळ्यांवर मोजतात, मी त्यात एक डोकं. कर्मात जमा-नावे माझ्याच खात्यावर. ‘परिणाम’ हा शब्द दोन्हीकडे आहे म्हणून गोंधळ होतो एवढंच.

पावशेर

म्हणजे दुर्योधनाला आधी ॲडव्हान्स परतावा आणि नंतर नोटीस. ओळखीचं वाटतंय.

ॲबॅकस

हिशेबनीस, हा प्रतिसाद मी जपून ठेवतोय. मान्य, कर्माचं गणित परिणामवादाचं नाही. कर्म म्हणजे ‘काय होईल’ याचं शास्त्र आणि धर्म म्हणजे ‘काय करावं’ याचं, असं वेगळं काढलं तर? मग प्रश्न धर्माचाच उरतो. अमर्त्य सेन तर गीतेतल्या अर्जुनाचीच बाजू घेतात, की माणसं मरतील हे त्याचं म्हणणं परिणामांकडे बघणारं आहे, आणि कृष्ण कर्तव्यवादी. कर्णपर्वात मात्र भूमिका उलटल्यासारख्या दिसतात. तिथे व्रताला धरून बसलेला अर्जुन आहे आणि ‘अरे बघ काय होईल’ म्हणणारा कृष्ण.

आजोबांचा_चष्मा

सेन आले आणि टिळक कसे नाही आले? ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिलं, १९१५ साली छापलं, आणि त्यातलं एक अख्खं प्रकरण, ‘आधिभौतिक सुखवाद’, बेंथम-मिल यांच्याशी भांडण्यात गेलंय. कौशिक ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात भेटेल.

टिळकांचं एक उदाहरण आमच्या आजोबांना पाठ होतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात ट्रामची फार गरज होती, पण अधिकाऱ्यांची मंजुरी मिळेना. कंपनीच्या व्यवस्थापकानं लाच देऊन मंजुरी काढली. ट्राम झाली, सगळ्या शहराची सोय झाली. पुढे लाच उघडकीला आली आणि खटला भरला. पहिल्या ज्यूरीत एकमत होईना, दुसरी नेमली, तिनं दोषी ठरवलं. टिळक विचारतात, पुष्कळांचं पुष्कळ सुख हीच कसोटी असेल तर याला दोषी कशासाठी धरायचं? ट्राम तर धावतेय. म्हणून त्यांच्या मते कृत्याच्या बाहेरच्या परिणामापेक्षा करणाऱ्याची बुद्धी बघावी लागते.

आजोबा पुढे स्वतःचं जोडायचे, “आणि आमच्या गावात लाच देऊनही ट्राम आली नाही.”

ॲबॅकस

लाचेनं बाकीच्या शंभर मंजुऱ्या सडतात, हाही परिणामच आहे. टिळकांनी परिणाम फक्त ट्रामपुरता मोजला. नियमाच्या पातळीवर मोजला तर परिणामवादीसुद्धा त्या व्यवस्थापकाला आत टाकेल.

आजोबांचा_चष्मा

आजोबा असते तर भांडले असते. मला उत्तर सुचत नाही. दूध उतू चाललंय, येतो.

पाटीपेन्सिल

मूळ प्रश्नाकडे कोणी गेलंच नाही. मॅडम विचारतात, ‘मग अर्जुनाचे काय?’ मी शाळेत शिकवते, संस्कृत. ज्या प्रसंगात कृष्ण ही गोष्ट सांगतो तो प्रसंगच निळी_शाईंनी गाळलाय. मॅडमनी त्यावर बोट ठेवलं असणार.

सतरावा दिवस. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर छावणीत पडलाय. अर्जुन भेटायला येतो. युधिष्ठिराला वाटतं, हा कर्णाला मारूनच आला. नाही म्हटल्यावर चिडतो आणि बोलून जातो, तुझं गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक. अर्जुन तलवार उपसतो. कारण त्याचं व्रत आहे, ‘गांडीव दुसऱ्याला दे’ असं जो म्हणेल त्याचं डोकं उडवीन. म्हणजे सत्यवचनासाठी भावाला मारायला निघालेला. तेव्हा कृष्ण म्हणतो, तू वृद्धांची सेवा केलेली दिसत नाहीस, आणि कौशिकाची गोष्ट सांगतो.

आता तुमच्या हिशेबानं पुढे काय व्हायला हवं होतं? परिणामवादी कृष्ण म्हणाला असता, व्रत गेलं खड्ड्यात, तलवार म्यान कर, कर्ण वाट बघतोय. गोष्ट संपली. पण तसं होत नाही. अर्जुन म्हणतो, भाऊही जगावा आणि माझा शब्दही खोटा होऊ नये, असं सांग. आणि कृष्ण त्याला तसाच मार्ग देतो: मोठ्या माणसाला ‘तू’ म्हटलं की तो मेल्यासारखाच. एरवी ‘आपण’ म्हणतोस, आज ‘तू’ म्हण.

मग अर्जुन म्हणतो, आणि नुसतं म्हणून थांबत नाही. तू रणापासून कोसभर लांब बसून मला काय बोलतोस, जुगार तू खेळलास, हे सगळं निघतं. वर्गात हे सांगितलं की पोरं हसतात, कारण त्यांच्या घरी आईला ‘अगं तू’ आणि बाबांना ‘अहो तुम्ही’. एका मुलीनं विचारलं होतं, “मॅडम, मग आपण आईला रोजच मारतो का?”

हसू नका, पुढचं बघा. ‘तू’ म्हणून झाल्यावर अर्जुनाला एवढी लाज वाटते की तो स्वतःला मारायला तलवार काढतो. कृष्ण पुन्हा तोच उपाय देतो, स्वतःची स्तुती कर, ती आत्महत्याच. तेही होतं. इकडे युधिष्ठिर अंथरुणावरून उठतो, म्हणतो मी नालायक, मी वनात जातो, भीमाला राजा करा. त्याची समजूत काढेपर्यंत कृष्णाला पाया पडावं लागतं. ऐन युद्धात! एवढा खर्च एका व्रतापायी. फायदा-तोटा बघणारा कोणीही हा रस्ता घेणार नाही.

निळी_शाई

बापरे. मी ती गोष्ट सुटी उचलली होती. प्रसंग वाचला होता, पण चौकट म्हणून सोडून दिला.

गोदाकाठ

पाटीपेन्सिल, दंडवत. कौशिकाला ‘व्रत मोड’ असं सांगणारा कृष्ण अर्जुनाला ‘व्रत पाळ, पण असं पाळ’ म्हणतो. दोन्हीकडे माणूस वाचवणं वरचढ आहे. पण हरलेल्या बाजूचं देणं उरतं आणि ते कुठल्या तरी रूपात चुकवावं लागतं. हिशेबनीसांची दोन खाती इथेही आहेत, फक्त ती नरकात जाण्याआधीच, छावणीत फेडली जातात.

ॲबॅकस

हरकत. नियमाच्या पातळीवरचा परिणामवाद हेही सांभाळून घेतो. अर्जुनासारख्या योद्ध्यानं शब्द मोडला तर त्याच्या पुढच्या प्रतिज्ञांना कोण भिणार? शब्दाची पत टिकवण्यासाठी थोडा खर्च परवडतो.

गोदाकाठ

एरवी मान्य केलं असतं. पण अर्जुन स्वतःच सांगतो की हे त्याचं ‘उपांशुव्रत’ आहे, म्हणजे गुपचूप घेतलेलं. चारचौघांत, शत्रूसमोर जाहीर केलेलं नाही. मोडलं असतं तर कोणाचा विश्वास ढळला असता? पत नावाची गोष्ट इथे नव्हतीच.

ॲबॅकस

गुपचूप घेतलेलं? हे मला माहीत नव्हतं.

ठीक, तरी एक धागा सोडत नाही. स्वतःशी खोटं ठरलेला अर्जुन कर्णासमोर नीट लढला असता का? कृष्ण कदाचित सारथ्याच्या हिशेबानं योद्ध्याचं मन सांभाळत असेल. मग तो परिणामवादीच, फक्त हुशार.

पाटीपेन्सिल

कृष्णाच्या मनात काय होतं ते शोधायला मी बसत नाही. पण ज्या उपायानं अर्जुनाचं मन सांभाळलं जातं, तो उपाय चालतो कशामुळे? अर्जुनाला व्रताचं देणं खरं वाटतं म्हणूनच ना?

उंबरठा

मला यात एकच खटकतं. सतराव्या दिवशी, एवढी प्रेतं पडलेली असताना, कृष्ण अर्जुनाला सांगतो की कोणालाही न मारणं हे माझ्या मते सगळ्यात श्रेष्ठ. आणि त्या दुपारी रथाचं चाक रुतलेला कर्ण मारला जातो. भावाचा जीव वाचवताना सूक्ष्म धर्म, कर्णासाठी नाही. धर्म सूक्ष्म आहे की माणूस बघून सूक्ष्म होतो?

धोंडोपंत

कर्णानं अभिमन्यूच्या वेळी कुठला धर्म पाळला होता, हे कृष्ण तिथेच विचारतो.

उंबरठा

विचारतो, माहीत आहे. म्हणजे समोरच्यानं मोडला की आपल्यालाही मोकळीक. हे तर अगदी साधं झालं, सूक्ष्म कुठे राहिलं?

गोदाकाठ

उंबरठा, याला माझ्याकडे उत्तर नाही. महाभारतालाही ते बोचत असावं, नाहीतर जिंकणाऱ्यांना शेवटी नरक दाखवला नसता.

निळी_शाई

सगळ्यांचे आभार. निबंध फिरवतेय. आता मांडणी अशी: परिणाम दोन्ही विचारांत मोजतात, पण परिणामवादात योग्य पर्याय निवडला की बाकीचे दावे मिटतात, आणि इथे ते मिटत नाहीत, ‘तू’ म्हणून, रथ खाली येऊन, नरक बघून चुकते करावे लागतात. बुद्धाची चेतना एका वेगळ्या भागात घेते, आणि पाचव्या खोट्याचा प्रश्न तळटीपेत न ढकलता मुख्य मजकुरात. बलाकाचं काही जमलेलं नाही. तो गाळला तर मॅडम पुन्हा लाल पेन घेतील.

पावशेर

बलाकाला ठेवा. वीस गुणांत एखादं आंधळं श्वापद हवंच.

बाळूकाका_६२

विहिरीचं काय ठरलं मग? ढासळली ती कर्मानं की पावसानं?

हिशेबनीस

काका, कठडा कधी बांधला होता त्यावर अवलंबून आहे.

रानवाट

धागा आईला वाचून दाखवला, अर्जुनाच्या ‘तू’पर्यंत. ‘न बोलता सुटत असेल तर बोलू नये’ हे तिनं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “हे मला आता माहीत आहे.” खरंच, अलीकडे दारात कोणीही कोणाचाही पत्ता विचारला, अगदी कुरियरवाला असला तरी, ती म्हणते, “तुमचा नंबर ठेवून जा, त्यांना सांगते.” पाणी मात्र देते.